अकरा हजारांच्या पुढे

सकाळी ६.४५

लालबागमधल्या माझ्या लॅबचं शटर उघडतं तेव्हा उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली मंडळी आधीच पायरीवर बसलेली असतात. रक्त घेण्याआधी प्रत्येकाला चार गोष्टी विचारायच्या, असा आमच्याकडे नियम आहे. ताप आहे का? कोणत्या गोळ्या, इंजेक्शन किंवा पंप चालू आहेत? बिडी-सिगारेट ओढता का? काल-आजमध्ये धावपळ, पडझड, ऑपरेशन असं काही झालंय का? उत्तरं फॉर्मच्या कोपऱ्यात लिहिली जातात. सीबीसीच्या रिपोर्टवर 'टोटल काउंट' लाल अक्षरात छापून आला की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही "रक्तात इन्फेक्शन आहे" असं म्हणून मोकळे होतात. त्या लाल अक्षरांचा अर्थ बहुतेक वेळा या चार उत्तरांत असतो.

सकाळी ७.२०

नोकरीच्या मेडिकलसाठी आलेला एक तरुण करी रोडपासून पळत आला, कारण आठच्या पाळीला पोहोचायचं होतं. त्यात सुईची भीती. टेक्निशियनने घाईत लगेच रक्त घेतलं. टोटल काउंट आला १३,२००. प्रौढांमध्ये साधारण ४,००० ते ११,००० धरतात, म्हणजे रिपोर्ट लाल. अंगात ताप नाही, घसा स्वच्छ, पोरगा ठणठणीत.

मी आधी आकड्याच्या आतलं पाहिलं. न्यूट्रोफिल ६२ टक्के, म्हणजे सुमारे ८,२००. लिम्फोसाइट ३२ टक्के, म्हणजे ४,२००च्या आसपास. दोन्ही वाढलेले, पण टक्केवारी अगदी नेहमीसारखी. सगळ्याच पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या, तेही काही मिनिटांत, तर हे ॲड्रेनलिनचं काम असतं.

रक्तवाहिनीत न्यूट्रोफिल सगळेच प्रवाहात वाहत नसतात. साधारण अर्धे भिंतीला लागून, जवळजवळ थांबलेले असतात. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीच्या दोन्ही बाजूंना, फुटपाथला टेकून उभा असलेला बंदोबस्त आठवा. सुई मधल्या मिरवणुकीतून रक्त घेते, म्हणून कडेचे मोजले जात नाहीत. धावणं, भीती, वेदना, आकडी, बाळाचं रडणं यांतल्या कशानेही ॲड्रेनलिन उसळलं की कडेचे सुटून मध्ये येतात. नवीन पेशी एकही तयार झालेली नसते, तरी आकडा वाढतो.

त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "अर्ध्या तासाने पुन्हा घेऊ, पैसे लागणार नाहीत," असं सांगितलं. दुसरा आकडा ८,६०० आला. त्याच्या पाळीला उशीर झाला याचं वाईट वाटलं, पण मेडिकलच्या फॉर्मवर वाढलेला काउंट गेला असता तर त्याला अँटिबायोटिक घेऊन या म्हणून परत पाठवलं असतं.

दुपारी १२.१०

चाळीतल्या एका आजोबांचं रक्त साडेदहाला घरी जाऊन आणलेलं. त्यांना दम्यासारखा जुना श्वासाचा त्रास आहे, चाळीस वर्षं बिडी. फॉर्मच्या कोपऱ्यात टेक्निशियनने लिहिलंय: प्रेडनिसोलोन ४० मि.ग्रॅ., आज चौथा दिवस, गोळ्या सकाळी ६ ला चहाबरोबर. शिवाय दिवसातून चार वेळा साल्ब्युटामॉलची वाफ.

मशीनने दाखवलं: टोटल १७,४००, न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट १०, मोनोसाइट ४, इओसिनोफिल शून्य. न्यूट्रोफिलची नुसती संख्या जवळजवळ १५,०००. मागचा रिपोर्ट काढला, तो गोळ्या सुरू होण्याआधीचा होता: ११,८००, न्यूट्रोफिल ७० टक्के, इओसिनोफिल २.

असा नमुना मी मशीनवर सोडत नाही. स्लाइडवर रक्ताचा पातळ थर ओढला, लिशमन स्टेन घातला, तेल टाकून १००च्या लेन्सखाली धरला. इथे खरी माहिती मिळते. जंतूंशी लढताना हाडाच्या मगजातून घाईघाईने पेशी बाहेर येतात. त्यात अर्धवट वाढलेले 'बॅण्ड' असतात: केंद्रक अजून खंडांत वाटलं न गेलेलं, वाकलेल्या पट्टीसारखं. पेशीच्या आत गडद, जाडसर दाणे दिसतात, कधी फिकट निळे ठिपके, कधी पोकळ्या. पोकळ्यांवर मात्र मी लगेच विश्वास ठेवत नाही. रक्त ईडीटीएच्या नळीत तासन्‌तास पडून राहिलं तरी त्या उगवतात. हे रक्त दीड-दोन तासांचंच होतं.

आजोबांच्या स्लाइडवर यातलं काहीच नव्हतं. शंभर पेशी मोजल्या. तीन बॅण्ड, बाकी सगळे पूर्ण वाढलेले, तीन-चार खंडांचे, शांत दाण्यांचे. लिम्फोसाइट मोजके. इओसिनोफिल शोधूनही सापडला नाही.

हा स्टिरॉइडचा ठसा आहे. स्टिरॉइड एकाच वेळी तीन गोष्टी करतं. मगजातला तयार पेशींचा साठा, जो रक्तात असतो त्याच्या कित्येक पट असतो, त्यातून पेशी बाहेर सोडतं. कडेला टेकलेल्यांना प्रवाहात आणतं. आणि रक्तातून ऊतीत जाण्याची त्यांची वाट अडवतं, त्यामुळे त्या रक्तातच साचतात. एका डोसनंतर चार ते सहा तासांत आकडा टोकाला जातो. त्याच वेळी लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. ॲड्रेनलिन सगळ्यांना वर नेतं. स्टिरॉइड न्यूट्रोफिलना वर नेतं आणि या दोघांना खाली.

दुपारी १२.४०

दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन माझ्या आधी आला.

"मॅडम, आजोबांचे सतरा हजार? ॲडमिट करून आयव्ही सुरू करायचं म्हणतोय."

"डॉक्टर, रक्त घेण्याच्या साडेचार तास आधी चाळीस मिलिग्रॅम घेतलेत त्यांनी. स्लाइडवर बॅण्ड तीनच आहेत, विषारी दाणे नाहीत. थुंकी कशी आहे?"

"पांढरी, चिकट. आधीपेक्षा कमी."

"ऑक्सिजन? श्वासाचा वेग?"

"चौऱ्याण्णव. काल एकोणनव्वद होता. श्वास अठरा-एकोणीस."

"मग आकडा सोडला तर सगळं सुधारतंयच ना?"

ते थोडे थांबले. "पण ताप नाही हे मी धरू नये, बरोबर? स्टिरॉइड ताप दाबतं."

हे त्यांचं अगदी बरोबर होतं, आणि मी तसं बोलले. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाचा काउंट वाढणं जसं जंतूंचा पुरावा नाही, तसंच ताप नसणं हा जंतू नसल्याचा पुरावा नाही. सीआरपीसुद्धा स्टिरॉइडने खाली येऊ शकतं. म्हणून कौल आकड्यावर नाही, माणसावर ठरवायचा. थुंकी पिवळी-हिरवी आणि जास्त झाली, श्वास वाढला, आजोबा गोंधळल्यासारखे वागू लागले, एक्स-रेमध्ये नवी सावली आली, किंवा स्लाइडवर बॅण्डची गर्दी दिसली, तर स्टिरॉइडचं कारण पुढे करून थांबायचं नाही. अँटिबायोटिक आज द्यायचं नाही, उद्या सकाळी पुन्हा तपासायचं, असं त्यांनी ठरवलं. पाच दिवसांचा कोर्स संपल्यावर आठवड्याने सीबीसी, असं मी रिपोर्टखाली लिहिलं.

दुपारी २.१५

ट्रेवर आणखी दोन नळ्या. जुलै आहे, त्यामुळे या दोन्ही येणारच. परळची कॉलेजातली मुलगी, चार दिवस १०२ ताप, टोटल काउंट ३,१००. डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह. दुसरा, सखल भागात गुडघाभर पाण्यातून चालत आलेला हातगाडीवाला. काउंट १९,२००, न्यूट्रोफिल ८८ टक्के. आजोबांच्या जवळचाच आकडा, पण स्लाइड पूर्ण वेगळी. शंभरात चौदा बॅण्ड, बहुतेक पेशींत जाड गडद दाणे. प्लेटलेट ६२,०००, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन वाढलेले. लेप्टोचा संशय लिहून मी लगेच फोन केला. इथे निकालाची वाट पाहण्यात वेळ घालवायचा नसतो, उपचार आधी. पालिका पावसाळ्यात पाण्यातून चाललेल्यांना बहात्तर तासांच्या आत डॉक्टरकडे जायला सांगते ते याचसाठी.

म्हणजे ज्या मुलीला विषाणूने घेरलंय तिचा काउंट कमी, आणि आजोबांचा जास्त. टायफॉइडमध्येही काउंट बऱ्याचदा साधा किंवा कमीच असतो.

दुपारी ४

शिकायला आलेली डीएमएलटीची मुलगी सकाळचंच विचारत होती. "मॅडम, पेशी कडेला टेकूच शकल्या नाहीत तर?"

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याच्या उत्तरात आपलं शहर येतं. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे बॉम्बे रक्तगट शोधला. या लोकांच्या लाल पेशींवर एच हा साखरेचा घटक नसतो, म्हणून त्यांना ओ गटाचंही रक्त चालत नाही. पुढे १९९२ मध्ये इस्रायलमध्ये डॉ. एत्झिओनी यांनी दोन मुलांचं वर्णन केलं. वारंवार जंतुसंसर्ग, पण पू होत नाही, काउंट सतत प्रचंड, आणि रक्तगट बॉम्बे. शरीरात फ्युकोज ही साखर जोडण्याची यंत्रणाच बिघडलेली होती. लाल पेशींवरचा एच त्याच साखरेने बनतो, आणि न्यूट्रोफिलला भिंतीला धरायला लागणारा दुवाही तिनेच. त्यामुळे कडेचा साठा नाही, पेशी सगळ्या प्रवाहात, आणि गरज असते तिथे पोहोचत नाहीत. नेहमीच्या बॉम्बे गटाच्या माणसाला हा आजार नसतो, त्याचा बिघाड फक्त एचपुरता असतो, हे मी तिला दोनदा सांगितलं.

सायंकाळी ६.३०

टॅक्सी चालवणारे काका, हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकललेलं. कारण काउंट १२,४००. पंधरा दिवसांत अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, आकडा हललाच नाही. "काका, जुने रिपोर्ट आहेत?" त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लास्टिकची पिशवी आणली. तीन वर्षांत चार रिपोर्ट, सगळे बारा हजारांच्या आसपास. सिगारेट रोजचं एक पाकीट.

सिगारेटचा धूर फुप्फुसाला रोज डिवचतो. त्या सुजेचे निरोप मगजापर्यंत जातात आणि मगज कायम थोडं जास्त काम करतो. म्हणून ओढणाऱ्यांचा काउंट वर्षानुवर्षं वीस-तीस टक्के वर राहतो. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट सगळे थोडे थोडे वाढलेले. काकांची स्लाइड तशीच होती: बॅण्ड दोन, दाणे साधे.

तरीही सिगारेटवर ढकलून मी फाइल बंद करत नाही. बेसोफिल वाढलेत का, मायलोसाइटसारख्या कोवळ्या पेशी दिसतात का, हे नीट पाहिलं, कारण दीर्घ मुदतीचा रक्ताचा कर्करोग, सीएमएल, सुरुवातीला असाच चोरपावलांनी येतो. काहीच नव्हतं. काउंट दर रिपोर्टला चढत जाता, वीस हजारांपुढे जाता, किंवा पानथरी हाताला लागती, तर बीसीआर-एबीएल तपासणीला पाठवलं असतं.

"सोडली तर खाली येईल का?"

"काही आठवड्यांत उतरायला लागेल. पूर्ण खाली यायला जास्त वेळ जाईल. ऑपरेशनआधी सोडलीत तर जखमेलाही फायदा, भूल द्यायलाही."

सर्जनसाठी रिपोर्टखाली लिहिलं: 'तीन वर्षं स्थिर, सौम्य न्यूट्रोफिलिया. स्लाइडवर जंतुसंसर्गाची किंवा कोवळ्या पेशींची खूण नाही. धूम्रपानाशी सुसंगत. तीन महिन्यांनी, बसून अर्धा तास विश्रांती घेतल्यावर, पुन्हा सीबीसी.' आणि खाली माझा मोबाइल नंबर, सर्जनना बोलायचं असेल तर.