चौकट तुटू नये म्हणून

वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला पान केवढं आहे हे आधीपासून माहीत असतं. रुंदी ठरलेली, उंची ठरलेली, कॉलमही ठरलेले. बातमी चार ओळींनी वाढली तर उपसंपादक चार ओळी छाटतो, नाहीतर फोटो थोडा लहान करतो. वेबपानाच्या बाबतीत यातलं काहीच ठरलेलं नसतं. एकच वार्तापत्र कुणी ऑफिसातल्या रुंद पडद्यावर उघडतं, कुणी लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर, तर कुणी अक्षर दुप्पट मोठं करून. पान दर वेळी नव्याने लागतं आणि ते लावतो ब्राउझर.

तरीही सोसायटीच्या, ग्रंथालयाच्या किंवा महाराष्ट्र मंडळाच्या वार्तापत्राला कॉलम हवेसे वाटतात, आणि ते केवळ छापील पानाच्या आठवणीने नव्हे. लॅपटॉपच्या रुंदीभर पसरलेली ओळ फार लांब होते. ती वाचून डावीकडे परत येताना नजर चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. कॉलममध्ये ओळीत जेमतेम पाच शब्द मावतात, नजर सरळ खाली उतरत जाते.

पूर्वी यासाठी मजकूर हाताने तोडून तक्त्याच्या तीन घरांत भरावा लागे. एक वाक्य वाढलं की तिन्ही घरं पुन्हा भरायची. पान कसं दिसावं हे ब्राउझरला सांगणाऱ्या सीएसएस या भाषेत आता त्यासाठी थेट सूचना आहेत. फायरफॉक्सने २००५ मध्येच त्या प्रायोगिक रूपात आणल्या होत्या, पण सगळे ब्राउझर एका रांगेत यायला आणखी बरीच वर्षं गेली. सूचना अशी असते:

```css
.lekh {
  column-count: 3;
  column-gap: 30px;
}
```

`column-count` म्हणजे कॉलम किती, `column-gap` म्हणजे दोन कॉलमांमधली मोकळी जागा. मजकूर ९६० पिक्सेल रुंद जागेत असेल तर दोन फटींचे ६० वजा होतात, उरलेल्या ९०० चे तीन भाग होतात आणि प्रत्येक कॉलमला ३०० पिक्सेल मिळतात. मजकूर तिन्ही कॉलमांत सारखा वाटून देण्याचं काम ब्राउझर आपणहून करतो.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि फोनवर पान उघडलं की घोटाळा दिसतो. फोनवर समास सोडून मजकुराला ३२८ पिक्सेल मिळाले असं धरू. तीन म्हटलंय म्हणजे तीनच, त्यामुळे ब्राउझर इमानाने तीन कॉलम पाडतो आणि प्रत्येकाला जेमतेम ८९ पिक्सेल येतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘ग्रंथालयाच्या’, ‘वर्धापनदिनानिमित्त’ असे शब्द एवढ्या जागेत एक तर एकटेच ओळ अडवतात, नाहीतर शेजारच्या कॉलमवर चढतात. म्हणून कॉलम किती हवेत हे सांगण्यापेक्षा कॉलम निदान केवढा हवा हे सांगावं:

```css
.lekh {
  columns: 3 280px;
  column-gap: 30px;
}
```

आता तीन हा आकडा कमाल मर्यादा झाला आणि २८० ही किमान रुंदी. ब्राउझर उपलब्ध रुंदीत एक फट मिळवतो आणि त्या बेरजेला कॉलम अधिक फट, म्हणजे ३१० ने भागतो. ९६० असताना ९९० भागिले ३१० म्हणजे तिनाहून थोडं जास्त, म्हणून तीन कॉलम. टॅबलेटवर ७२० मिळाले तर दोन बसतात आणि उरलेली जागा वाटून घेऊन प्रत्येकी ३४५ चे होतात. फोनवर एकच. अक्षर दुप्पट करण्यासाठी ब्राउझरचा झूम वापरला तर त्या ९६० चे हिशेबात ४८० उरतात, तेव्हाही एकच कॉलम पडतो. फोनसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. मला विचाराल तर नुसतं `column-count` वापरण्याचं कारण क्वचितच सापडतं.

फटीबद्दल काही सांगितलं नाही तर ब्राउझर एका अक्षराच्या मापाएवढी, म्हणजे १८ पिक्सेलच्या अक्षराला १८ पिक्सेल, फट सोडतो. देवनागरीला ती कमी पडते. शिरोरेखा नजरेला आडवी ओढते आणि वाचणारा कॉलम संपला तरी पुढच्या कॉलमात शिरतो. ३० ठेवावी, किंवा `column-rule` ने मध्ये बारीक उभी रेघ मारावी. ती रेघ फटीतच मारली जाते, वेगळी जागा घेत नाही.

शिरोरेखेमुळे आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. परिच्छेदाच्या वर-खाली ब्राउझर मुळातच मोकळी जागा सोडत असतो. पहिल्या परिच्छेदावरची जागा पहिल्या कॉलमच्या माथ्यावर तशीच राहते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलमांच्या माथ्यावर मात्र मधूनच तुटलेला मजकूर येतो, तिथे अशी जागा नसते. परिणामी पहिला कॉलम बाकीच्यांपेक्षा खालून सुरू होतो. पुढेही प्रत्येक परिच्छेदाला १८ पिक्सेलची जागा आणि ओळीची उंची ३०, असा बेमेळ असला की शेजारशेजारच्या ओळी एका पातळीत येत नाहीत. वर्तमानपत्रांचा जुना रिवाज इथे कामी येतो: परिच्छेदांत जागा सोडायचीच नाही, पहिली ओळ थोडी आत घ्यायची. `margin: 0` आणि `text-indent: 1.5em` एवढं परिच्छेदाला लावलं की शिरोरेखा तिन्ही कॉलमांत एका सुतात येतात.

आता चौकटीकडे येऊ. वार्तापत्रात निवेदनाची एखादी चौकट असतेच: कार्यक्रम, तारीख, वेळ, स्थळ, संपर्क. ब्राउझरच्या लेखी ती बाकीच्या मजकुरासारखीच, ओळींची चळत. कॉलम संपला की तो तिला मधेच तोडतो. तारीख आणि वेळ पहिल्या कॉलमच्या तळाशी, स्थळ दुसऱ्याच्या माथ्यावर. वरच्या तुकड्याला खालची रेघ नाही आणि खालच्याला वरची. फोटोचंही तसंच. फोटो स्वतः कापला जात नाही, पण त्याची फोटोओळ सुटून पुढच्या कॉलमात जाते आणि भलत्याच परिच्छेदाच्या डोक्यावर बसते. त्यावर उपाय एका ओळीचा आहे:

```css
.chaukat, figure {
  break-inside: avoid;
}
```

याचा अर्थ, होता होईल तो हिला आतून तोडू नकोस. उपमथळा कॉलमच्या तळाशी एकटा पडतो, त्यालाही हाच इलाज चालतो: उपमथळा आणि त्याखालचा पहिला छोटा परिच्छेद एका वेष्टणात घ्यायचा आणि वेष्टणाला हीच सूचना लावायची. जुन्या नमुन्यांत `page-break-inside` असंही लिहिलेलं दिसतं. ते आधीच्या ब्राउझरांसाठी होतं. फायरफॉक्सला `break-inside` हे नाव २०१९ पासून कळतं.

ही सूचना फुकट मात्र मिळत नाही. समजा, मजकूर एकूण ३६ ओळींचा आहे: आधी ८ ओळी, मग १० ओळींची चौकट, मग १८ ओळी. तोडायला मुभा असती तर प्रत्येक कॉलमला बारा-बारा ओळी आल्या असत्या. आता पहिल्या कॉलममध्ये ८ ओळींनंतर ४ ओळींची जागा उरते. चौकट तिथे मावत नाही, म्हणून ती अख्खी दुसऱ्या कॉलमात जाते. तिच्याखाली २ ओळी, तिसऱ्या कॉलमात १२ ओळी, आणि तरी ४ ओळी शिल्लक राहतात. त्यांना जागा करण्यासाठी ब्राउझर तिन्ही कॉलमांची उंची १४ ओळींची करतो. दुसरा आणि तिसरा भरतात, पहिल्याच्या तळाशी मात्र ६ ओळींचं भगदाड राहतं.

हे भगदाड पाहून पुष्कळ जण सूचनेलाच दोष देतात. खरं तर चौकट चुकीच्या जागी असते. तीच चौकट मजकुराच्या सुरुवातीला ठेवा: पहिल्या कॉलमात १० ओळींची चौकट आणि २ ओळी, पुढे १२ आणि १२. भगदाड नाही. अर्थात टॅबलेटवर दोन कॉलम झाले की ओळी वेगळ्या पडतात आणि सगळा हिशेब बदलतो, पण माथ्यावरची चौकट तिथेही अंगावर येत नाही. चौकट जितकी उंच तितकं भगदाड मोठं होण्याची शक्यता, म्हणून दहा ओळींच्या एका चौकटीपेक्षा पाच-पाच ओळींच्या दोन बऱ्या. आणि सगळ्या परिच्छेदांना ही सूचना सरसकट लावण्याचा मोह आवरावा. मग प्रत्येक परिच्छेद चौकटीसारखा अडून बसतो आणि तिन्ही कॉलमांचे तळ दातेरी दिसतात.

भगदाड बुजवायला काही जण कॉलमांना ठरावीक उंची देतात. त्याने वेगळंच दुखणं ओढवतं. तिन्ही कॉलम भरूनही मजकूर उरला तर ब्राउझर उजवीकडे चौथा, पाचवा कॉलम पाडत जातो आणि पान आडवं सरकवावं लागतं. पानाखाली आडवी पट्टी आली की आधी कुठे `height` दिली आहे का ते पाहावं.

उंची न देताही दीर्घ लेखात अडचण उरतेच. दोन हजार शब्द तीन कॉलमांत घातले तर प्रत्येक कॉलम पडद्याच्या कितीतरी खाली जातो. वाचकाने पहिला कॉलम वाचत तळाला जायचं, मग दुसऱ्यासाठी पुन्हा वर यायचं, असं दोनदा. वर्तमानपत्र हातात धरल्यावर सगळं पान नजरेच्या टप्प्यात असतं, पडद्यावर तसं नसतं. यावर उपमथळेच कामी येतात:

```css
.lekh h2 {
  column-span: all;
}
```

उपमथळा आता तिन्ही कॉलमांवर आडवा पसरतो. त्याच्या वरचा मजकूर वर तीन कॉलमांत संपतो आणि खालचा नव्याने वाटला जातो. ३० पिक्सेलच्या वीस ओळी म्हणजे ६०० पिक्सेल, एवढी उंची बहुतेक लॅपटॉपवर एका नजरेत मावते. तीन कॉलम, वीस ओळी, ओळीत पाच शब्द, म्हणजे दर तीनेकशे शब्दांना एक उपमथळा हवा. लेख तसा तुटत नसेल तर त्याला कॉलम न पाडता एकच, फार रुंद नसलेला रकाना ठेवलेला बरा. संपादकीयासारखा सलग मजकूर त्यातच चांगला वाचला जातो. कॉलम शोभतात ते छोट्या बातम्यांना आणि निवेदनांना.

हे सगळं वेबपानापुरतं आणि त्याच पानाची छापील प्रत काढण्यापुरतं झालं. वार्तापत्र ईमेलच्या पोटात घालून पाठवायचं असेल तर या सूचनांवर विसंबू नये. विंडोजवरचं जुनं आउटलुक पत्र दाखवण्यासाठी वर्डचं यंत्र वापरतं आणि त्याला कॉलमच्या सूचना समजत नाहीत. तिथे तोच मजकूर सलग, रुंदीभर पसरतो. ईमेलमध्ये मथळे, प्रत्येकाखाली दोन ओळी आणि पानाचा दुवा एवढंच ठेवावं.