इन्व्हर्टर घेताना लहर कोणती ते विचारा



लाइट गेली की घरात अंधार नको म्हणून इन्व्हर्टर आता बहुतेक वाड्या-वस्त्यांवर पोहोचला आहे. दुकानात मात्र एकाच ताकदीचे दोन इन्व्हर्टर शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. एकावर ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेले असते. दुसऱ्यावर ‘स्क्वेअर वेव्ह’ किंवा ‘मॉडिफाइड साइन वेव्ह’ असते आणि तो स्वस्त असतो. दोन्हींवर दिवा सारखाच लागतो, मग जादा पैसे कशाला मोजायचे, असे कोणालाही वाटेल. भिंगारच्या एका ऊस उत्पादकाच्या घरी असेच वाटले होते. तिथे पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे हा फरक नीट कळेल.

त्यांनी स्वस्तातला इन्व्हर्टर घेतला. दिवे लागले, मोबाइल चार्ज होऊ लागले. पंखे फिरले, पण आत भुंगा शिरल्यासारखा घूं-घूं आवाज करू लागले. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जाताना लागणारी चार्जिंगची बॅटरी मात्र महिन्याभरात जळाली. नवी आणली, तीही गेली. वायरमनने साधा मीटर लावला तर काटा १८० व्होल्टच दाखवी. “इन्व्हर्टरची बॅटरी उतरली असेल,” असे ठरले आणि चांगली बॅटरी बदलली गेली. मीटर पुन्हा १८० च दाखवू लागला. बॅटरीचा काही दोष नव्हता, दोष लहरीत होता.

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तिची चाल झोक्यासारखी असते. शून्यापासून सावकाश चढत ३२५ व्होल्टला जाते, तशीच सावकाश उतरते, मग उलट बाजूला तेवढीच जाते. या चढउताराचा कामाचा हिशेब २३० व्होल्ट येतो. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर हीच चाल जवळपास हुबेहूब देतो. मॉडिफाइड इन्व्हर्टरला झोका माहीत नाही, तो पायऱ्यांवरून उड्या मारतो. शून्यावरून एकदम ३२५, थोडा वेळ तिथेच, एकदम शून्य, पुन्हा थांबा, मग एकदम उलट ३२५. निम्मा वेळ वीज चालू आणि निम्मा वेळ शून्य धरली, तर हिशेब इथेही २३० व्होल्टच येतो. म्हणून डब्यावर २३० लिहिलेले असते आणि ते खोटे नसते.

मग मीटरने १८० का दाखवले? साधा मीटर सरासरी मोजतो आणि लहर झोक्यासारखीच आहे असे धरून आकडा वाढवून दाखवतो. पायऱ्यांची लहर आली की त्याचा हिशेब चुकतो. ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटर लावला असता तर तिथेच २३० च्या आसपास आकडा दिसला असता आणि बॅटरीचा खर्च वाचला असता. तेव्हा असा आकडा दिसला तर बॅटरीला दोष देण्याआधी मीटर कोणता आहे ते विचारावे.

आता उपकरणांकडे वळू. इस्त्री, जुना पिवळा दिवा यांना नुसता ताप हवा असतो. लहर कशीही आली तरी त्यांचे काम होते. फक्त इस्त्री बॅटरी फार लवकर खाते, म्हणून ती इन्व्हर्टरवर लावूच नये. मोबाइलचा चार्जर आणि टीव्ही आलेली वीज आधी सपाट करून घेतात, म्हणून बहुधा त्यांचेही निभावते.

मोटरीचे तसे नाही. तिला ५० फेऱ्यांची सावकाश लहरच फिरवते. पायऱ्यांच्या विजेत ही लहर सुमारे २०७ व्होल्टचीच असते. ताकदीच्या हिशेबाने शंभरातले ८१ भाग तिचे. राहिलेले १९ भाग १५० फेऱ्या, २५० फेऱ्या अशा जलद लहरींत वाटले जातात. त्या मोटर नीट फिरवत नाहीत, वाइंडिंग तापवतात आणि पत्र्यांना थरथरवतात. पंख्याची घूं-घूं ती हीच. पंखा लगेच जळत नाही, पण फ्रिज किंवा मिक्सर अशा विजेवर चालवला तर जादा तापतो आणि त्याचे आयुष्य कमी होते.

सगळ्यात वाईट गत कंडेन्सरची होते. चार्जिंगच्या स्वस्त बॅटरीत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट थेट एका लहान कंडेन्सरमधून घेतलेले असतात. तो एक मायक्रोफॅरडचा असेल तर लाइनच्या विजेवर त्यातून जेमतेम ७२ मिलिअँपिअर प्रवाह जातो. त्याच्या रांगेत १०० ओहमचा रेझिस्टन्स असला तर त्यात सुमारे अर्धा वॉट ताप होतो, तो त्याला सोसतो. पायऱ्यांच्या विजेत मात्र प्रत्येक उडीला कंडेन्सर झटक्यात भरतो किंवा रिकामा होतो. एका फेरीत अशा ४ उड्या, म्हणजे सेकंदाला २००. त्याच रेझिस्टन्समध्ये आता १० वॉटच्या आसपास ताप होतो. तांदळाएवढा तो तुकडा, जळणारच. गंमत अशी की आतली सेल यातून जास्त भरत नाही, भर तेवढीच पडते, ताप तेवढा वाढतो. डास मारायची रॅकेट आणि काही हलके एलईडी दिवे याच घडणीचे असतात. अशा वस्तू लाइन आलेली असतानाच चार्ज कराव्यात, इन्व्हर्टरच्या प्लगवर लावू नयेत.

भिंगारच्या त्या घरी खरी काळजी पुढे उभी राहिली. घरातल्या आजोबांना दवाखान्यातून सोडताना घरी ऑक्सिजनचे यंत्र ठेवायला सांगितले. मिनिटाला ५ लिटरच्या अशा यंत्रात कॉम्प्रेसरची मोटर असते, तिचा कंडेन्सर असतो आणि धोक्याची घंटा देणारे नाजूक सर्किट असते. म्हणजे पायऱ्यांच्या विजेला नको असलेले सारे एकाच पेटीत. इथे पंख्यासारखे ‘आवाज करतोय, करू दे’ म्हणून चालत नाही. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत कोणती वीज चालेल ते पाहावे आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्यावा.

तेवढ्यानेही सगळे भागत नाही. असे यंत्र साधारण ३५० वॉट घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. म्हणून इन्व्हर्टर त्या झटक्याला पुरेल असा हवा. बॅटरीतून १२ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर जातात. १५० अँपिअर-तासाची नवी, पूर्ण भरलेली बॅटरी असली तरी एवढ्या ओढीला ती फार तर अडीच-तीन तास टिकते, तेही पंखे-दिवे बंद ठेवून. शुद्ध लहरीने बॅटरीचे तास वाढत नाहीत. म्हणून त्या घरी इन्व्हर्टर बदलला, तरी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर उशाशी ठेवलाच. तुमच्याकडे अशी वेळ आली तर तोही ठेवावा.

ज्यांच्या घरी फक्त दिवे आणि मोबाइल चालवायचे आहेत, त्यांनी स्वस्तातला घेतला तर पैसे वाया गेले असे नाही. पंखे रात्रभर चालणार असतील, फ्रिज लावायचा असेल किंवा घरात आजारी माणसाचे यंत्र असेल, तर मात्र वरचे पैसे द्यावेत. घरात आधीच असलेला इन्व्हर्टर कोणता हे कळत नसेल तर रात्री शांत वेळी पंखा पूर्ण वेगावर ठेवून मेन स्विच बंद करावा. वीज बदलताच घूं-घूं सुरू झाली आणि लाइन परत आल्यावर थांबली, तर आपल्या घरी पायऱ्यांची वीज आहे असे समजावे. चार्जिंगची बॅटरी त्या प्लगवरून त्याच रात्री काढून ठेवावी.