ठिपका कुठे अडकला?

१९०९ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना ‘ने मजसी ने’ सुचलं. कडवी चार आणि ऐकणारा एकच, समोरचा समुद्र. एवढ्यात भावना कुठून कुठे जाते हे पाहायचं तर चौकटीचा कागद घ्यावा. आडव्या रेषेवर कडवी, उभ्या रेषेवर शून्य ते दहा अशी तीव्रता. प्रत्येक कडव्याला एक ठिपका द्यायचा आणि शेजारी भावनेचं नाव लिहायचं.

पहिल्या कडव्यात समुद्राने परत आणायचं वचन दिलंय आणि कवीने त्यावर भरवसा ठेवलाय. तिथे चार. दुसऱ्यात पिंजऱ्यातल्या पोपटासारखी फसगत झाल्याचं ध्यानात येतं, ठिपका सातवर. तिसऱ्यात इथले तारे आणि प्रासाद एका पारड्यात, मायभूमी दुसऱ्यात. आवाज खाली येतो, म्हणून पाच. चौथ्यात विनवणी संपते. फेसाच्या मिषाने हसणाऱ्या समुद्राला, त्याला एका आचमनात पिणाऱ्या अगस्तीची आठवण करून दिली जाते. नऊ.

तिसऱ्यातली ही उतरण काढून टाकली, तर चौथ्यातला संताप इतका उंच दिसणार नाही. शिवाय त्याच कडव्याच्या शेवटी कवी समुद्राला त्याच्या लाडक्या सरितेच्या विरहाची शपथ घालतो. विनवणीचा तो शेवटचा उपाय. तोही फुकट गेल्यावरच धमकी येते. धृपदाला मात्र ठिपका देऊ नये. शब्द तेच राहतात, पण आधीच्या कडव्याचा रंग त्यांना चढतो.

आता एखादा नवा कच्चा खर्डा घ्या. समजा, मुलगी सासरी निघाल्याचं गाणं. पहिल्या अंतऱ्यात अंगण रडतं, दुसऱ्यात तुळस, तिसऱ्यात गाय. तिन्ही ठिपके आठवर आणि तिन्हींपुढे नाव एकच, ‘विरह’. हे सपाट. आकडे सारखे असणं हा दोष नव्हे. आठवरचा विरह आणि आठवरचा राग यांत गाणं पुढे सरकलेलं असतं. दुसरा आणि तिसरा अंतरा अदलाबदल करून पाहावेत. काहीच बिघडलं नाही, तर एक खुशाल काढावा.

घाईचा दोष उलटा. शेवटच्या ओळीत मुलगी अचानक आनंदाने गाडीत बसते. ठिपका पडतो ‘उमेद’ या नावापुढे, पण विरहातून उमेदीकडे नेणारी एकही ओळ नसते. गायीचा अंतरा काढून ती जागा या वळणाला देता येते: आईने नेसवलेली साडी, तिच्या घडीत सापडलेली आईचीच जुनी चिठ्ठी. ठिपका आधी पाचवर उतरतो, मग सातवर चढतो.

आकडे लिहिणाऱ्यानेच दिले की फसगत होते, कारण त्याला न लिहिलेलंही ऐकू येत असतं. म्हणून कागद दुसऱ्यालाही भरायला द्यावा. आणि आरतीवर हा प्रयोग करू नये. तिथे सगळ्यांनी एका तालात म्हणायचं असतं, भाव एकाच उंचीवर राहिला तरी कुणाचं अडत नाही.