टीव्ही फुटला, पगार कुणाचा कापायचा?

दुकानात चाळीस हजारांचा टीव्ही फुटला की मालक पहिल्यांदा विचारतो, "कुणाच्या हातून फुटला?" कायदा मात्र भलतंच विचारतो: तो टीव्ही सांभाळायला कुणाच्या ताब्यात दिला होता? मला या प्रश्नाची गंमत वाटत आली आहे, कारण एवढ्या एका प्रश्नावर बहुतेक कपाती गळून पडतात.

या प्रश्नामागचं वाक्य आलं १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांत डागी कापड विणणाऱ्याच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून वळती करून घ्यायची, अशी पद्धत होती. सूत कच्चं होतं की माग जुना, हे कोण विचारणार? नव्या कायद्याने कपातीची यादीच बांधून टाकली. यादीत नाही ते कापता येणार नाही. नुकसानीला त्यात जागा दोनच: सांभाळण्यासाठी स्पष्टपणे सोपवलेला माल आणि ज्याचा हिशेब द्यायची जबाबदारी आहे तो पैसा. त्यातही नुकसान थेट त्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत हेच वाक्य जवळपास जसंच्या तसं आलं आहे. गिरण्या गेल्या, वाक्य राहिलं!

आता त्या टीव्हीकडे वळू. तो उचलून गिऱ्हाइकाला दाखवताना सेल्समनच्या हातून निसटला, तर माल त्याला सांभाळायला सोपवलेला होता, हे मालकाला दाखवता यायला हवं. नुसतं "उचल रे जरा" पुरणार नाही. गोदामपालाचं निराळं. त्याने चलनावर सही करून माल ताब्यात घेतलेला असतो, त्यामुळे पहिली पायरी मालक सहज चढतो. पण टीव्ही गोदामात भिजून खराब झाला असेल तर? गोदामपाल शटर उघडं टाकून घरी गेला असेल, तर पावसाचं पाणी त्याच्या खाती. छत गळतंय असा मेसेज त्याने दोन आठवड्यांपूर्वीच मालकाला पाठवला असेल आणि मालकाने कानाडोळा केला असेल, तर 'थेट' हा शब्द आडवा येतो.

उधारी बुडाली, ऑर्डर हातची गेली, माल उशिरा पोचला म्हणून गिऱ्हाइकाने बिल कापलं, ही सगळी धंद्याची खोट. ती ना सोपवलेला माल, ना हिशेबाचा पैसा. नुकसानीच्या नावाखाली ती पगारातून वसूल होत नाही. मालकाला फारच वाटलं तर दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे, पण तिथे सगळं शाबीत करावं लागतं. नेमणुकीच्या वेळी "होणारं सर्व नुकसान माझ्या पगारातून कापावे" असं लिहून घेतलेला कागदही कामाचा नाही, कारण संहितेने दिलेला पगाराचा हक्क करार करून सोडता येत नाही.

समजा, शटर खरंच गोदामपालानेच उघडं टाकलं होतं. तरीही थेट पगारातून रक्कम वळती करता येत नाही. आधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या नियमांतली पद्धत मला फार आवडते: काय बिघडलं आणि किती कापणार, हे त्याला समक्ष सांगायचं आणि त्याचं म्हणणं आणखी एका माणसादेखत ऐकून घ्यायचं. कपात रजिस्टरमध्ये नोंदवायची, ते वेगळंच.

मग आकडा. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. टीव्हीची छापील किंमत चाळीस हजार असेल, पण अकरा हजारांत तो दुरुस्त होत असेल, तर हिशेब अकरा हजारांचाच. गोदामपालाचा पगार १८,००० रुपये धरू. एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ९,००० हून, जास्त होता कामा नयेत. भविष्य निर्वाह निधीचे १,८००, व्यवसाय कराचे २०० आणि घेतलेल्या उचलीचा ३,००० चा हप्ता आधीच जातो. म्हणजे नुकसानीसाठी त्या महिन्यात उरले ४,०००. बाकीचे पुढच्या महिन्यांवर.

नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा पगार "हिशेब व्हायचाय" म्हणून अडकवायची खोड तर सर्रास दिसते. संहितेप्रमाणे तो दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. बेकायदा कपातीबद्दल तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि कापलेल्या रकमेबरोबरच तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा आदेश होऊ शकतो. देणं चुकतं केलं, हे अशा दाव्यात मालकानेच सिद्ध करायचं असतं.