चिंचेखालचा थांबा

किनवटहून पैनगंगेच्या अंगाला उतरणाऱ्या रस्त्यांपैकी एका रस्त्यावर माझ्या मामांचे गाव आहे. १९५६ पर्यंत हा सारा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे गावात अजूनही मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली कानावर पडते. गावापासून आखाडा दोन-अडीच किलोमीटरवर. वाटेत एक ओढा, ओढ्याच्या अलीकडे हापसा, हापशाजवळ जुनी चिंच आणि चिंचेपासून थेट गावापर्यंत चढ.

या चिंचेखाली मामांचा माणक्या रोज संध्याकाळी थांबायचा. माणक्या म्हणजे लाल कंधारी बैल. कंधार तालुक्यावरून या जातीला हे नाव पडले आहे. गडद तांबडा रंग, काळेभोर डोळे आणि बाजूला वळलेली शिंगे. आदत असताना, म्हणजे दुधाचे दात पडायच्या आधीच, आबांनी त्याला आणला होता. मी सांगतो आहे त्या काळात तो बारा-तेरा वर्षांचा होता. जनावराच्या हिशेबाने म्हातारपणच. वखर, तिफण त्याला लावत नसत. हलकी गाडी तेवढी ओढायचा, नाहीतर मोकळाच चरून यायचा. पण गाडीला असो की मोकळा, दिवस कलला आणि चिंच आली, की पाय रोवून उभा राहायचा. हाकला तरी हलायचा नाही. एक विडी ओढून व्हावी एवढा वेळ गेला, की कोणी काही न म्हणता आपला आपण चढाला लागायचा.

गावाने याचा अर्थ कधीच लावून टाकला होता. माझे आजोबा, म्हणजे आबा, दोन वर्षांपूर्वी वारले होते. "आबाची वाट बघायलाय बैल," असे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. पोळ्याला आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम चिंचेपाशी नेऊन हे दाखवले जाई. बायकांच्या डोळ्यांत पाणी येई. मीही ही गोष्ट शहरात अनेकांना सांगितली आहे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बदललेला पाहून मनातून सुखावलो आहे.

आबा चिंचेखाली काय करत, हे मात्र मी लहानपणी गाडीत बसून पाहिलेले होते. चढ लागायच्या आधी ते गाडी उभी करत आणि चाकामागे दगड लावत. बैल सोडत नसत, फक्त सापत्या सैल करून जू जरासे उचलून धरत आणि मोकळा तळहात बैलाच्या खांद्यावरून फिरवत. खांदा गरम लागतो का, केस गेलेत का, सूज आहे का, हे त्यांना बोटांनी कळे. जू घासून खांदा सुजला आणि तसेच काम चालू ठेवले, की कातडी फुटते, मग महिनाभर बैल दावणीला. म्हणून हाताला जरा ऊन लागले, तरी दुसऱ्या दिवशी त्या बैलाला सुटी. मग ते खुरांच्या बेचक्यात खडा-काटा पाहत. एवढे होईपर्यंत बैलाच्या बरगड्यांची धाप खाली बसलेली असे. तेव्हाच हापशाचे पाणी, त्याआधी नाही. शेवटी मूठभर सरकी.

हे सगळे चढाच्या आधीच का, असे मी एकदा विचारले होते. आबा म्हणाले, "चढावर सगळं वझं खांद्यावर येतंय बाबा. तिथं दुखलं तर बैल सांगंल कसा?"

आबा गेल्यावर गाडी मामांच्या हाती आली. मामांना घाई. हात फिरवणे बंद झाले, सरकी बंद झाली. थांबणे मात्र बैलाने चालू ठेवले.

एका दिवाळीच्या सुटीत मी आणि मामेभावाने थोडी परीक्षा करून पाहिली. दुपारी माणक्याला त्याच वाटेने आणले. थांबला नाही. सकाळी गावाकडून आखाड्याकडे नेताना तर त्याने चिंचेकडे पाहिलेही नाही. एका संध्याकाळी मामेभाऊ आबांचे जुने धोतर आणि पटका घालून चिंचेखाली बसला. माणक्याने त्याला हुंगले आणि रोजच्याइतकाच वेळ थांबून तो निघाला. दुसऱ्या दिवशी तिथे कोणीच नव्हते. तरी तेवढाच थांबला. म्हणजे माणूस असण्या-नसण्याने फरक पडत नव्हता. वेळ, दिशा आणि जागा या तीन गोष्टी जुळल्या, की तो थांबत होता.

गाई-बैलांची जागेची आठवण फार पक्की असते. चारा कुठे मिळाला, पाणी कुठे आहे, हे त्यांना नेमके स्मरते. पण सरकी बंद झाल्यावर सवय सुटायला हवी होती. ती सुटली नाही, कारण थांबण्याचा खरा लाभ सरकी नव्हताच. ओझे ओढताना बैलाला निवांत रवंथ करता येत नाही. उभा राहिला, धाप बसली, की पोटातला घास वर येतो आणि एकेका घासाला चाळीस-साठ वेळा जबडा फिरतो. बैल दिवसाचे सहा-आठ तास नुसते रवंथ करण्यात घालवतो. दिवसभराच्या श्रमानंतर, चढाच्या तोंडाशी, सावलीत उभे राहून दोन-चार घास चघळणे, एवढे सुख त्या जागेने त्याला अजून दिलेले होते. आबांनी लावलेली शिस्त बैलाने पाळली होती. आम्ही तिला विरह म्हणत होतो.

ही उकल सांगितल्यावर मामा हसले. "शिकल्या माणसाला असंच सुचणार," म्हणाले. गोष्ट तशीच चालू राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात माणक्या चिंचेखाली जास्त वेळ थांबू लागला. आधी दोन विड्या, मग तीन. डोके झटकायचा. उजवे शिंग बुंध्याला घासायचा. मान उजवीकडे किंचित कललेली राहू लागली. गावाने याचाही अर्थ लावला. बैलाला आबांची आठवण आता अनावर झाली होती! मामा तर घरी येऊन सांगत, "आज लई येळ उभा होता. मान हलवून हलवून हाका मारल्यावानी करत होता."

मामींना ही गोष्ट पटेना. त्या चिंचेपाशी जाऊन बुंधा पाहून आल्या. एका जागी साल गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर वाळलेल्या रक्ताचा डाग होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माणक्याच्या तोंडाला पदर लावून पाहिला. उजव्या नाकपुडीतून पातळ, लालसर पाणी येत होते. डावी कोरडी. "आबाची आठवण एकाच नाकातून येतीय का?" असे त्यांनी मामांना विचारले. त्या दिवशी मामांनी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आणले.

डॉक्टरांनी आधी नुसते लांबून पाहिले. मग दोन्ही शिंगांच्या मुळाशी हात ठेवला. उजवे गरम. बोटाने ठोकून पाहिले. डाव्याचा आवाज पोकळ, उजव्याचा भद्द. शिंग हलवले, तर मुळाशी किंचित हलत होते आणि बैल कळवळला. शिंगाचा कर्करोग होता.

हा रोग आपल्याकडच्या वशिंडवाल्या, कामाच्या बैलांत विशेष दिसतो. गाईंत कमी, वळूंत क्वचित. बैलाच्या शिंगात हाडाचा गाभा असतो आणि तो आतून पोकळ असतो. ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला आणि तिथून नाकाला जोडलेली असते. या पोकळीच्या अस्तरात गाठ वाढते. म्हणून शिंग गरम लागते, आवाज भद्द येतो, रक्तपाणी त्याच बाजूच्या नाकपुडीतून येते आणि डोके त्याच बाजूला कलते. पुढे शिंग मऊ पडून वाकते, कधी आपोआप गळूनही पडते. रोग कशाने होतो, याचे एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. जुवाचा मार, शिंगे साळणे, त्यांना रंग देणे यांच्याकडे बोट दाखवले जाते.

"डॉक्टरसाब, कधीपासून असंल हे?" मामांनी विचारले.

"डोकं कधीपासून झटकायलाय?"

मामा गप्प बसले. दोन-अडीच महिने ते रोज संध्याकाळी हेच तर पाहत आले होते.

शिंग मुळापासून काढणे हाच उपाय होता. बैल म्हातारा. इतका खर्च करण्यापेक्षा बाजार दाखवावा, असे सांगणारेही निघाले. तेव्हा २०१५ चा कायदा यायचा होता आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोणते गिऱ्हाईक भेटते, हे सगळ्यांना ठाऊक होते. मामांनी कोणाला उत्तर दिले नाही. आदल्या दिवशी बैलाला उपाशी ठेवले, सकाळी दोरांनी आडवा पाडला. गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर, डोळ्यामागून शिंगाकडे जाणारी शीर बधिर करून डॉक्टरांनी कातडी सोडवली, तारेच्या करवतीने शिंग कापले आणि वरून कातडी ओढून शिवली. आत फुलकोबीसारखी गाठ होती. गाठीचे मूळ कपाळाच्या पोकळीत फार खोल गेलेले असते, तर रोग उलटायचा धोका मोठा होता, आणि थोडा धोका अजूनही होता, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. खरी परीक्षा पुढे. जखमेवर माशी बसली, तर अळ्या थेट कपाळाच्या पोकळीत जातात. मामींनी तीन आठवडे दिवसातून दोनदा जखम धुऊन मलमपट्टी केली आणि गोठ्यात सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला.

माणक्या त्यानंतर दोन हिवाळे जगला. एका शिंगाचा, जुवाला न लावलेला, मोकळा. रोज संध्याकाळी चिंचेखाली थांबायचा आणि एका विडीएवढ्या वेळाने निघायचा. मामा ती वेळ आता मोजत. जास्त लागली, तर घरी येऊन आधी मामींना सांगत.

तरण्या जोडीची गाडी घेऊन येतानाही मामा तिथे थांबू लागले. चाकामागे दगड लावायचा, सापत्या सैल करायच्या, खांद्यावरून तळहात फिरवायचा. आबांचे सगळे तसेच. त्यात मामांनी स्वतःची एक भर घातली होती. सरकी देण्याआधी ते चारही शिंगांच्या मुळाशी हात ठेवून पाहत.