तपकिरी वायूचा कौल

नायट्रोजन डायऑक्साइड हा गडद तपकिरी रंगाचा, घसा जाळणारा विषारी वायू आहे. त्याचे दोन रेणू जोडले गेले की डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होतो आणि तो जवळजवळ रंगहीन असतो. बंद नळीत हे दोन्ही वायू एकत्र नांदतात. काही जोड्या सतत फुटत असतात, काही नव्याने जुळत असतात, आणि दोन्हींचा वेग सारखा झाला की नळीतला रंग स्थिर दिसतो. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. तो N₂O₄ ⇌ 2NO₂ असा लिहितात. परिस्थिती बदलली की समतोल कोणत्या बाजूला सरकतो, हे इथे रंगावरून डोळ्यांना दिसते. म्हणून हा विषय समजून घेण्यासाठी यापेक्षा सोयीची जोडी क्वचितच सापडेल.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेला नियम शाळेच्या पुस्तकात असतो: समतोलात असलेल्या व्यवस्थेत बदल केला, की ती त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेने सरकते. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण ‘कमी होणे’ म्हणजे नेमके किती आणि कशाचे, हे त्यात सांगितलेले नाही. गफलत होते ती इथेच. त्यापेक्षा हिशेबाची पद्धत भरवशाची आहे. या जोडीसाठी नायट्रोजन डायऑक्साइडच्या आंशिक दाबाचा वर्ग करून त्याला टेट्रॉक्साइडच्या आंशिक दाबाने भागायचे. समतोल असताना हा भागाकार ठरावीक असतो. २५ अंश सेल्सिअसला, दाब बारमध्ये मोजला तर, सुमारे ०.१५. या आकड्याला समतोल स्थिरांक म्हणतात. बदल केल्यानंतर भागाकार त्याहून मोठा झाला तर रेणू जुळतात, लहान झाला तर जोड्या फुटतात. दिशा ओळखायला एवढे पुरते.

आता दाबाचे पाहू. दट्ट्या असलेल्या बंद नळीत, २५ अंशांना, तपकिरी वायूचा दाब ०.२० बार आणि रंगहीन वायूचा ०.२७ बार आहे असे धरू. ०.२० चा वर्ग ०.०४, त्याला ०.२७ ने भागले की ०.१५ येतात, म्हणजे समतोल आहे. दट्ट्या दाबून आकारमान निम्मे केले की क्षणभर दोन्ही दाब दुप्पट होतात: ०.४० आणि ०.५४. भागाकार मात्र ०.३० होतो, कारण वर्ग केलेली संख्या चौपट वाढते आणि तिच्याखालची फक्त दुप्पट. स्थिरांकाच्या वर गेल्यामुळे रेणू जुळू लागतात आणि तपकिरी वायूचा दाब ०.३० पर्यंत उतरतो, रंगहीनाचा सुमारे ०.५९ पर्यंत चढतो. पुन्हा भागाकार ०.१५ च्या आसपास येतो आणि सरकणे थांबते. दाब इथे मुद्दाम कमी धरला आहे. वातावरणाइतक्या दाबाला टेट्रॉक्साइड २१ अंशांच्या आसपास द्रव होतो, आणि नळीत थेंब जमले की हा हिशेब लागू राहत नाही.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. दाबण्यापूर्वी तपकिरी वायू ०.२० होता, शेवटी ०.३० आहे. म्हणजे समतोल रंगहीन बाजूला सरकला, तरी नळी बाजूने पाहिल्यास पहिल्यापेक्षा गडदच दिसते! ‘दाब वाढवला की रंग फिका होतो’ असे पाठ केलेला विद्यार्थी इथे गोंधळतो. व्यवस्था बदल पूर्ण पुसत नाही, त्यातला काही भाग परतवते. खरा पुरावा हवा असेल तर नळी टोकाकडून, लांबीच्या दिशेने पाहावी. दाबल्यावर वायू दुप्पट दाट होतो, पण नजरेसमोरचा स्तंभही निम्मा होतो. त्यामुळे रेणू जुळलेच नसते, तर टोकाकडून रंग जसाच्या तसा राहिला असता. प्रत्यक्षात तो फिका दिसतो, आणि हा फिकेपणा मात्र निखळ समतोल सरकल्याचा असतो.

आणखी एक फसगत वेळेची. झटकन दट्ट्या दाबला की रंग आधी एकदम गडद होतो आणि मग हळूहळू थोडा उतरतो. हा उतार म्हणजे रेणू जुळण्याची क्रिया, असे सांगितले जाते. खरे तर ही जुळवाजुळव डोळ्याला टिपता येणार नाही इतक्या वेगाने आटोपते. सायकलच्या पंपाप्रमाणे दाबलेला वायू तापतो, आणि नंतर नळीच्या भिंतीतून निवत जातो. हळू उतरणारा रंग बहुतांशी या निवण्याचा असतो.

याचे कारण तापमानाच्या परिणामात आहे. जोडी फोडायला उष्णता लागते, एका मोलला सुमारे ५७ किलोज्यूल. जुळताना तेवढीच बाहेर पडते. दाब किंवा संहती बदलली तर भागाकार हलतो आणि स्थिरांक जागच्या जागी राहतो. तापमानाने मात्र स्थिरांकच बदलतो. २५ अंशांना ०.१५ असलेला आकडा १०० अंशांना दहाच्या पुढे जातो. म्हणून बंद नळी गरम पाण्यात धरली की गडद तपकिरी होते, बर्फात ठेवली की फिकट पिवळसर. तापवल्याने बंद नळीतला दाबही वाढतो, मग रेणू जुळायला नकोत का, ही शंका रास्त आहे. पण तेवढ्या तापमानवाढीने दोन्ही वायूंचे दाब, जोड्या फुटल्याच नसत्या तर, फक्त चतुर्थांशाने वाढले असते. भागाकारही तेवढाच वाढला असता. स्थिरांकाच्या झेपेपुढे ते काहीच नाही.

संहतीचा परिणाम त्याच हिशेबाने कळतो. आकारमान तेच ठेवून नळीत आणखी तपकिरी वायू सोडला तर भागाकार वाढतो आणि जोड्या बनतात. टेट्रॉक्साइड सोडला तर भागाकार घटतो आणि जोड्या फुटतात. आकारमान न बदलता आर्गॉन भरला तर? नळीतला एकूण दाब वाढतो, पण दोन्ही वायूंचे स्वतःचे दाब तसेच राहतात, म्हणून समतोल हलत नाही. दट्ट्या मोकळा ठेवून, एकूण दाब न वाढवता आर्गॉन भरला, तर आकारमान फुगते, दोन्ही वायू विरळ होतात आणि जोड्या फुटतात. ‘दाब वाढवला’ एवढ्याच शब्दांवर विसंबून उत्तर देणे म्हणूनच धोक्याचे. कशाचा दाब, हे आधी विचारावे लागते.

पाठ केलेला नियम साफ चकवतो तो अमोनियाच्या बाबतीत. N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃ या समतोलात नायट्रोजन वाढवला की अमोनिया वाढणार, असे कोणीही म्हणेल. आकारमान कायम असेल तर ते खरे. पण एकूण दाब कायम ठेवून, मिश्रणात निम्म्याहून अधिक नायट्रोजन असताना आणखी थोडा नायट्रोजन घातला, तर अमोनियाचेच विघटन होते. नव्या वायूला जागा देताना हायड्रोजन विरळ होतो, आणि या अभिक्रियेच्या भागाकारात हायड्रोजनच्या दाबाचा घन असतो. अमोनियाही विरळ होतो, पण त्याचा फक्त वर्ग असल्याने हायड्रोजनची तूट अधिक जाणवते. नायट्रोजन आधीच मुबलक असल्याने त्याची वाढ ती भरून काढू शकत नाही. भागाकार स्थिरांकाच्या वर जातो आणि समतोल मागे सरकतो.