भिंत होती, पण किल्ली बाहेर टांगलेली होती

आज आपण 'थर' या एकाच शब्दाचा विचार करू. कारखाना किंवा वीज-यंत्रणा चालवणाऱ्या संगणकांभोवती संरक्षणाचे थर असावेत, असे सगळेच सांगतात. पण दोन थर खरोखर दोन केव्हा असतात? हा प्रश्न आपण एका घडलेल्या गोष्टीला विचारून बघू.

२३ डिसेंबर २०१५ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रँकिव्हस्क भागातल्या वीज-वितरण कंपनीच्या नियंत्रण-कक्षात ऑपरेटरच्या पडद्यावरचा कर्सर आपोआप हलू लागला. तो एका उपकेंद्राच्या ब्रेकरवर गेला आणि ब्रेकर बंद करून मोकळा झाला. ऑपरेटरने माऊस हलवून पाहिला, कर्सर काही ऐकेना. मग त्याला लॉगआउट केले गेले, पासवर्डही बदललेला निघाला. त्या दिवशी तीन कंपन्यांची मिळून सुमारे तीस उपकेंद्रे बंद पडली आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले.

आता प्रश्न असा, की तिथे भिंत नव्हती का? होती. कार्यालयाचे जाळे वेगळे आणि नियंत्रणाचे जाळे वेगळे, मध्ये फायरवॉल. हल्लेखोर काही महिने आधीच कार्यालयात शिरले होते. ईमेलला जोडलेली फाइल कुणीतरी उघडली, मॅक्रो चालू करायला होकार दिला, बस्स. तिथे बसून त्यांनी कर्मचाऱ्यांची लॉगिन-नावे आणि पासवर्ड गोळा केले. नियंत्रणाच्या जाळ्यात दुरून काम करण्यासाठी व्हीपीएनची वाट होती, आणि तिला फक्त पासवर्ड लागत असे. तो तर हातात आलेलाच होता. म्हणजे भिंत फोडावी लागलीच नाही. फायरवॉलच्या दृष्टीने आत येणारा माणूस परवानगी असलेलाच होता.

इथे आपला मुद्दा हाती लागतो. कार्यालय हा पहिला थर, फायरवॉल हा दुसरा. पण पहिला पडला की त्याच पासवर्डने दुसराही पडतो. जे दोन थर एकाच कारणाने पडतात, ते मोजायला दोन, प्रत्यक्षात एकच.

मग विभागणी करायची कशी? दोन साध्या गरजा घेऊन बघू. पहिली, साहेबांना कालच्या विजेच्या मागणीचे आकडे हवेत. त्यासाठी त्यांना नियंत्रण-जाळ्यात शिरायचे कारणच नाही. दोन जाळ्यांच्या मध्ये एक तिसरा विभाग ठेवायचा, डीएमझेड म्हणतात तो. नियंत्रणाकडचा सर्व्हर आकड्यांची प्रत तिथे आणून ठेवील, साहेब तिथूनच वाचतील. कार्यालयाकडून नियंत्रणाकडे थेट जोडणी एकही नाही.

दुसरी गरज, इंजिनिअरला घरून दुरुस्ती करायची आहे. त्याने आधी मधल्या विभागातल्या एका ठरावीक संगणकावर यायचे. तिथले खाते कार्यालयाच्या खात्यापेक्षा वेगळे हवे. पासवर्डशिवाय हातातल्या उपकरणावरचा बदलता आकडाही हवा. आणि पुढचा दरवाजा एरवी बंदच. कक्षातल्या माणसाने फोनवर खात्री करून तो तासाभरासाठी उघडायचा. आता चोरलेला पासवर्ड एका थरापाशी अडतो, कारण पुढच्या थराला वेगळीच गोष्ट लागते.

एवढे करूनही मर्यादा उरतेच. मॉडबससारख्या जुन्या नियंत्रण-भाषांमध्ये हुकूम देणाऱ्याला 'तू कोण?' असे विचारायची सोयच नाही. आत पोचलेल्याचे यंत्र मुकाट्याने ऐकते. म्हणून आतही विभाग पाडायचे, म्हणजे एक उपकेंद्र हाती लागले तरी सगळी लागणार नाहीत. आणि आत लक्ष ठेवायचे. नियंत्रण-जाळ्यात रोज तीच यंत्रे त्याच यंत्रांशी बोलतात, त्यामुळे तिथे अनोळखी जोडणी चटकन उठून दिसते. अवेळी सुरू झालेले व्हीपीएन, इंजिनिअर रजेवर असताना त्याच्या नावाने झालेले लॉगिन, ही लक्षणे. मात्र ती बघायला कुणीतरी नेमलेले असले पाहिजे.

युक्रेनमध्ये शेवटी वीज आली कशी? हल्लेखोरांनी उपकेंद्रांशी संपर्क साधणाऱ्या उपकरणांमधले फर्मवेअरच बिघडवून ठेवले होते, त्यामुळे कक्षातून ब्रेकर पुन्हा चालू करता येईनात. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले, त्यांनी हाताने ब्रेकर चालू केले, आणि काही तासांत वीजपुरवठा सुरू झाला. त्यांचे हात कुठल्याच जाळ्याला जोडलेले नव्हते. त्या दिवशी खऱ्या अर्थाने वेगळा असा थर तेवढा एकच उरला होता. म्हणून सगळे स्वयंचलित करताना हाताने चालवायची सोय आणि ती येणारी माणसे काढून टाकायची का, हा निर्णय घेताना आपण नेमका कोणता थर काढतो आहोत, हे आधी स्वतःला विचारावे.